नाव कसं घेऊ?

नाशिकमध्ये कॉलेज रोडला गाडी लावायला एक वेळ जागा मिळणार नाही, पण सत्काराला माणूस आणि माणसाला शाल मिळाली नाही असं सहसा होत नाही. अशा या शाल-श्रीफळाच्या गावात स्वरदा कित्येक वर्षं निवेदन करत होती. आवाज तिचा चांगला होता, पण चांगला आवाज काय, पुष्कळांना असतो. तिला लोक ओळखत ते तिच्या एका हट्टामुळे. ज्याचा परिचय करून द्यायचा त्याला ती आधी स्वतः गाठायची आणि विचारायची, "तुमचं नाव मी कसं घेऊ?"

संयोजक या प्रश्नाने कावायचे. "अहो मॅडम, सगळं कागदावर टाइप करून दिलंय की!" दिलेलं असायचंच. पण ते टाइप केलेलं असायचं सेक्रेटरीने, त्याला सांगितलेलं असायचं खजिनदाराने, आणि खजिनदाराने ते कुठल्याशा लग्नपत्रिकेवरून उचललेलं असायचं. ज्याचं नाव, त्याला सोडून गावाला विचारलेलं. एकदा एका डॉक्टरबाईंना असंच नवऱ्याच्या आडनावाने पुकारणार होते. तीस वर्षं दवाखान्याच्या पाटीवर माहेरचं आडनाव, सगळी पंचवटी त्यांना त्याच नावाने ओळखते, आणि पत्रिकेत मात्र भलत्याच कोणी बाई. स्वरदाने फोन केला म्हणून निभावलं. दुसऱ्या एका कार्यक्रमात तर नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या शिक्षिकेला कौतुकाने "सौ." लावून ठेवलं होतं. तेही तिने वेळेवर पुसलं.

लोक म्हणत, बाई जरा अतीच करते. करत असेल. पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशा निवेदकांची गावात कमतरता नव्हती, आणि त्यांच्यात आणखी एकीची भर घालायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

तर त्या डिसेंबरात गोदातीर खो-खो मंडळाचा मेळावा ठरला. मंडळाचा सचिव मयुरेश गायधनी. पेशाने सीए, स्वभावाने भला, आणि कामाला इतका चोख की जेवणावळीतले द्रोणसुद्धा मोजून आणील. मेळाव्यात दोन गोष्टी व्हायच्या होत्या. सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत मुलींना आयुष्यभर खो-खो शिकवलेल्या भागीबाई प्रमुख पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. आणि मयुरेशच्या आईचा सत्कार होऊन तिच्या नावाने मुलींच्या स्पर्धेचा फिरता चषक जाहीर व्हायचा होता. एकेकाळी नाशिकच्या मुलींच्या संघाची ती कर्णधार होती. चषकावर नाव कोरायचं बाकी होतं. त्या दिवशी व्यासपीठावरून जे नाव जाहीर होईल, तेच कोरलं जाणार आणि तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालणार.

मयुरेशने कागद पाठवला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "प्रमुख पाहुण्या: श्रीमती भागीबाई सोमा". दुसऱ्या पानावर, "सत्कारमूर्ती: सौ. गोदावरी वेणीमाधव गायधनी".

स्वरदाने आधी भागीबाईंना फोन लावला. त्यांच्या पाड्यावर फोनला रेंज घराबाहेर चिंचेखालीच मिळे, त्यामुळे पलीकडून बोलण्याबरोबर कोंबड्याही ऐकू येत होत्या.

"बाई, तुमचं नाव मी व्यासपीठावर कसं घेऊ?"

"भागीबाई."

"आणि पुढे?"

"पुढं काय नाय. एकच हाय." पलीकडून हसू आलं. "आमच्याकडं जुन्या माणसांचं नाव एकच असायचं. शाळेत गुरुजींनी 'पवार' चिकटवलं व्हतं, ते मी मोठी झाल्यावर काढून टाकलं. आमच्या घरात कुणी पवार नव्हतंच. मुलींना घेऊन विमानानं गेले तवा तिकिटावर 'भागीबाई भागीबाई' लिहिलं, दुसरा रकाना रिकामा ठेवता येत नाय म्हणं. दोनदा लिहिलं म्हणून काय मी दोन खुर्च्यांवर बसले?"

"इथे तुमच्या नावापुढे 'सोमा' लिहिलंय."

"सोमा माझा बाप. लय चांगला माणूस. पण त्यानं एक दिवस खो-खो खेळला नाय."

"आणि 'श्रीमती'?"

पलीकडे कोंबड्यांना हुसकल्याचा आवाज आला. "म्हणजे विधवा ना गं तुमच्यात? अगं बये, माझा दादला जिता हाय. काळू नाव त्याचं. माझ्यासंगं येणार हाय मेळाव्याला, पहिल्या रांगेत बसल. त्याच्यासमोर मला श्रीमती म्हणशील व्हय?"

सरकारी कागदांत श्रीमती कोणत्याही बाईला चालतं, हे स्वरदाला ठाऊक होतं. पण सभागृहातली माणसं सरकारी कागद वाचून येत नाहीत. श्रीमती म्हटलं की निम्म्या बायका हळहळायला लागतात. "नुसतं भागीबाई," ती म्हणाली. "मागे-पुढे काही नाही."

"बाई मात्र ऱ्हाऊ दे. केस पांढरे झाले, तेवढा मान घेते मी."

मयुरेशला हे पटायला थोडा वेळ लागला. "मॅडम, बाकीच्यांची तीन-तीन शब्दांची नावं, आणि त्यांचं एकच? अर्धवट वाटेल हो. वडिलांचं नाव जोडलं तर निदान भरल्यासारखं होईल."

"आणि मग दुसऱ्या वाक्यात मी काय म्हणू? 'सोमा यांनी मुली घडवल्या'? तो सत्कार त्यांच्या वडिलांचा होईल." स्वरदा म्हणाली. "त्यांचं नाव अर्धं नाही, मयुरेशदादा. ते पूर्णच एका शब्दाचं आहे. कमी दिसू नये असं वाटत असेल तर इतरांच्या नावांमागची शेपटं कापू. श्री., आदरणीय, सन्माननीय, सगळं काढू. कुणालाच काही नको. आणि प्रत्येक वेळी मी भागीबाई असं पूर्ण नाव घेईन, एकेरीत एकही क्रियापद येणार नाही."

मयुरेश हिशेबी माणूस होता, आणि सगळ्यांना सारखं हा हिशेब त्याला समजला. तो म्हणाला, बरं.

"आता तुमच्या आईंशी बोलायचंय."

"आईशी? अहो, माझीच आई आहे ती. तिचं नाव मला माहीत नसेल?"

"तरी."

गायधनींचं घर इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर. स्वरदा गेली तेव्हा मयुरेशचे वडील वेणीमाधव दिवाणखान्यात पेपर वाचत होते. आतल्या खोलीत आई नवऱ्याच्या सदऱ्यांना इस्त्री करत होत्या. सत्तरीकडे झुकलेल्या, सडपातळ, आणि उभ्या अशा की जणू कुणी शिट्टी वाजवली तर अजून पळतील.

"काकू, परवा तुमचं नाव मी कसं घेऊ?"

त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि बटण बंद केलं.

"मला विचारतेस?"

"तुमचंच नाव आहे ना."

"तसं म्हणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "लग्नाच्या मांडवात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'गोदावरी' लिहिलं. वऱ्हाडी टाळ्या वाजवायला लागले तेव्हाच मला कळलं की आता मी गोदावरी. तोवर ललिता होते. ललिता अष्टपुत्रे. तशी पद्धतच होती गं, कुणाचा दोष नाही. सासूबाईंच्या सासूबाई गोदावरी, म्हणून ते नाव घरात परत आणायचं ठरलं होतं. मला फक्त कुणी सांगितलं नव्हतं."

"राग आला होता?"

"रागबिग काही नाही. हे नाव मी चाळीस वर्षांवर वापरलं. स्वयंपाकघरात, बँकेत, भिशीत, सगळीकडे गोदावरी. मयुरेशची आई गोदावरीच. ते नाव आता माझं आहे, मी ते टाकणार नाही." त्या स्वरदाकडे वळल्या. "पण एक सांग, गोदावरी गायधनीने कधी खो दिलाय? आयुष्यात मैदानावर पाऊल टाकलंय? कर्णधार होती ती ललिता अष्टपुत्रे. खांबाला वळसा घालून भल्याभल्यांना हुलकावणी द्यायची ती ललिता. लग्नानंतर एक दिवस खेळले नाही मी. जिने काही केलं नाही तिच्या नावाने चषक द्यायचा, आणि जिने केलं तिचं नावच नाही, हे मला पटत नाही. आयुष्यात एकदा तरी जिचं तिला मिळू दे."

"हे मयुरेशदादांना सांगितलंत?"

"दोनदा. म्हणतो, आई, तू राहू दे, मी बघतो सगळं."

स्वरदाने वहीत काही लिहून घेतलं नाही. असं सांगितलेलं ती लक्षातच ठेवी. तिने मोठ्याने म्हणून पाहिलं, "खेळाडू म्हणून ललिता अष्टपुत्रे. आधी ते नाव, चषकाला तेच नाव. मग, आज ज्या गोदावरी गायधनी या नावाने आपल्यात आहेत. चालेल?"

"पूर्वाश्रमीच्या असं काही म्हणणार नाहीस ना?"

"नाही. तुम्ही संन्यास कुठे घेतलाय?"

त्या मनापासून हसल्या. बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. वेणीमाधवांनी ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"काका काय म्हणतील?" स्वरदाने हळू आवाजात विचारलं.

"ह्यांना मी सांगीन. ते माझं काम, तुझं नाही," आणि काकूंनी इस्त्री पुन्हा सुरू केली.

मयुरेशला मात्र हे सांगताच त्याचा चेहरा पडला. त्याच्या ऑफिसात समोरासमोर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण घट्ट बसवलं.

"आई भावनेच्या भरात बोलतेय," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत बाबा बसणार. आत्या, काका, सगळे गायधनी येणार. आणि तिथे तुम्ही तिला माहेरच्या नावाने पुकारणार? लोक काय समजतील? हिने घर सोडलं की काय?"

"त्यांचं आजचं नावही लगेच पुढे सांगणार आहे मी. गोदावरी गायधनी हेही येणार आहे."

"पण दुसऱ्या नंबरला. आणि चषकावर येणारच नाही." आता त्याचा आवाज चढला. "मॅडम, माझ्या आईचं नाव गोदावरी आहे. मला समजायला लागल्यापासून. हा चषक मी आईसाठी ठेवतोय. ललिता अष्टपुत्रे कोण? मी तिला ओळखत नाही."

हे तो चिडून बोलला, पण त्याला खरोखर लागलं होतं, हे स्वरदाला दिसलं. आपली आई आपल्या आधी कुणी दुसरीच होती, हे पोराला चाळिशीतही रुचत नाही. तिला त्याची कणव आली. पण कणव आली म्हणून नाव बदलत नाही.

"मग मी ते निवेदन करणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. मी त्यांना शब्द दिलाय. दुसरं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

"ठीक आहे. सत्कारमूर्तींचा परिचय मी करेन. बाकीचं तुम्ही करा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं दुसऱ्या कुणी तिला सांगितलं असतं. कागद वाचायचा, नमस्कार करायचा, घरी जायचं. कार्यक्रमातून अंग काढून घ्यावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण भागीबाईंनाही तिने शब्द दिला होता, आणि तिच्या जागी येणारा निवेदक त्यांना कुठल्या आडनावात कोंबेल याचा नेम नव्हता. ती राहिली. मात्र संध्याकाळी तिने काकूंना फोन करून खरं काय ते सांगितलं. लपवणं तिला जमलं नसतं.

"काकू, तुमचं नाव मयुरेशदादा घेणार आहेत. कागदावरचं."

"घेऊ दे," काकू म्हणाल्या. "तू माईकपाशी असशील ना?"

"असेन."

"मग झालं तर."

मेळाव्याला गंगापूर रोडवरचं सभागृह भरलं होतं. मागच्या रांगांत मंडळाच्या मुली खेळाच्या कपड्यांत बसल्या होत्या, मधे पालक, पुढे गायधनी मंडळी. पहिल्या रांगेत वेणीमाधव, त्यांच्या शेजारी काकू, आणि दोन खुर्च्या सोडून पांढरा फेटा बांधलेले काळूबाबा. समारंभ नियमाप्रमाणे उशिरा सुरू झाला. दीप लागला, स्वागतगीत झालं, आणि स्वरदा माईकपुढे आली.

तिने भागीबाईंचं काम आधी सांगितलं. सुरगाण्याच्या डोंगरात पायात काही नसलेल्या मुलींना ज्यांनी पळायला शिकवलं. ज्यांच्या हाताखालच्या मुली राज्याच्या संघात पोचल्या. ज्या स्वतः नाशिकच्या संघात खांबाजवळच्या चौकोनात बसायच्या आणि तिथून उठल्या की समोरच्याची धडगत नसायची. मग ती थांबली. एका शब्दाच्या नावाला आधी जागा करून द्यावी लागते, नाहीतर ते मागच्या वाक्याच्या गर्दीत चेंगरतं, हे तिला सरावाने कळलं होतं. 'फक्त' नाही, 'या नावाने ओळखल्या जाणाऱ्या' नाही, काही समजावणं नाही.

"आजच्या प्रमुख पाहुण्या, भागीबाई."

टाळ्या अशा पडल्या की मागच्या मुली उभ्या राहिल्या. भागीबाई तरातरा व्यासपीठावर आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधी काळूबाबांकडे बघून हसल्या. पुढे कुणाला त्या नावात काही कमी वाटलं नाही. मयुरेशसुद्धा टाळ्या वाजवत होता, आणि स्वरदाला वाटून गेलं की याला आता कळेल.

पण त्याला कळलं नाही, किंवा कळूनही त्याचं मन तयार झालं नाही. सत्काराची वेळ आली तसा तो खिशातून कागद काढत माईककडे आला. स्वरदा एक पाऊल बाजूला झाली. त्याने आईचा परिचय वाचला, आणि खरं सांगायचं तर छान वाचला. संघाचे सामने, कर्णधारपद, जिंकलेली ढाल, सगळं होतं. फक्त त्या सगळ्या पराक्रमाला नाव मात्र गोदावरीचं होतं.

"...अशा माझ्या मातोश्री, सौ. गोदावरी वेणीमाधव गायधनी यांना मी व्यासपीठावर येण्याची विनंती करतो."

टाळ्या झाल्या. शाल घेऊन उभी असलेली मुलगी पुढे सरकली. भागीबाई नारळ हातात घेऊन उभ्या राहिल्या.

काकू उठल्या नाहीत.

त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर व्यासपीठावर. चेहऱ्यावर राग नव्हता. टाळ्या विरळ होत थांबल्या. मयुरेशला वाटलं, आईला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, "सौ. गोदावरी वेणीमाधव गायधनी." या वेळी जास्त मोठ्याने. आत्याबाई मागून वाकून काकूंच्या खांद्याला हात लावून "अगं, जा ना" म्हणाल्या. काकूंनी तो हात थोपटला आणि बसून राहिल्या.

सभागृहात चुळबूळ सुरू झाली. घामाघूम झालेल्या मयुरेशने व्यासपीठावरूनच वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी एकदा सांगितलं असतं तर आई उठली असती, निदान त्याला तसं वाटत होतं. वेणीमाधवांनी मान वर केली.

"माझ्याकडे काय बघतोस?" ते म्हणाले. आवाज मुळात खणखणीत, तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी एकदा तिला न विचारता नाव दिलंय. आता परत मीच सांगू?"

मयुरेशने माईक सोडला. सोडला म्हणजे काय, त्याचा हातच खाली आला. स्वरदा पुढे झाली. 

"नाशिकच्या मुलींच्या खो-खो संघाच्या कर्णधार," ती म्हणाली आणि थांबली. "ललिता अष्टपुत्रे."

काकू उठल्या.

टाळ्या सुरू व्हायच्या आत, एकेकाळी त्याच संघात खेळलेल्या भागीबाईंची व्यासपीठावरून आरोळी आली, "ए लले, ये लवकर!" आणि मग मागच्या मुलींनी जो गलका केला त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही. काकू पायऱ्या चढून आल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पदराने पुसले नाहीत, खुशाल वाहू दिले. स्वरदाने गलका ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, "आज ज्या गोदावरी गायधनी या नावाने आपल्यात आहेत." काकूंनी मान डोलावली. ठरल्याप्रमाणे झालं होतं.

भागीबाईंनी शाल घातली, नारळ दिला, आणि मग रीतभात सोडून सरळ मिठी मारली.

आता चषक उरला होता. लाल कपड्याखाली तो टेबलावर मांडला होता, आणि नावाची घोषणा सचिवाने करायची होती. मयुरेश टेबलाशी उभा होता. कागद अजून त्याच्या हातात होता, पण तो त्याकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता. मघाशी सगळ्यांदेखत आपली फजिती झाली याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर होतंच, पण त्याखाली दुसरंही काही होतं. ही बाई एका नावाला उठत नाही आणि दुसऱ्या नावाला पोरीसारखी उठते, हे त्याने आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवून दिली. मग तो आईजवळ गेला. माईक चालूच होता, ते त्याच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न सगळ्या सभागृहाला ऐकू आला.

"आई, चषकाला नाव काय देऊ?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने हे विचारलं होतं. विचारायला एवढंसंच होतं, आणि त्यासाठी एवढा समारंभ व्हावा लागला. 

काकूंनी मुलाच्या गालाला हात लावला. त्या रागावल्या नव्हत्या, कधी रागावल्याच नव्हत्या.

"ललिता अष्टपुत्रे चषक," त्या म्हणाल्या. "तू तिला ओळखत नाहीस म्हणालास ना? म्हणूनच."

मयुरेशने मान हलवली आणि माईककडे वळला. त्याने घसा साफ केला. "मंडळाच्या वतीने जाहीर करतो की यापुढे मुलींच्या स्पर्धेचा फिरता चषक, सौ. ललिता..."

"सौ. नाही," काकू मागून ठामपणे म्हणाल्या. "तिचं लग्न झालं नव्हतं."